मुलाच्या इंजिनिअरिंगची फी: एफडी मोडायची की शैक्षणिक कर्ज काढायचं?

प्रश्न: भांडुपला राहतो, वय ५१, खाजगी कंपनीत नोकरी, हातात महिन्याला ७८ हजार येतात. मुलाला कॅप राउंडमधून मुंबईतल्याच खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालंय. फी वर्षाला २ लाख ४० हजार. एफडी ९ लाखांची आहे, पीपीएफमध्ये ११ लाख (खातं जून २०१४ मध्ये उघडलं), ईपीएफ १९ लाख. घराचं कर्ज फिटलंय. धाकटी नववीत आहे. बायको म्हणते पोराच्या डोक्यावर कर्ज नको, एफडी मोडू. मेहुणा म्हणतो कर्जच काढा, स्वतःचा पैसा हलवू नका. काय करू?

उत्तर:

राष्ट्रीयीकृत बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली ११ शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. तुमच्यासारखे आईवडील दरवर्षी जून ते सप्टेंबर समोर बसलेले असायचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर सांगतो. दरवर्षीच्या २ लाख ४० हजारांपैकी ६० हजार स्वतःचे घाला आणि १ लाख ८० हजार कर्जातून उचला. चार वर्षांत कर्ज ७ लाख २० हजार होईल. एफडीची मुद्दल तशीच ठेवा, पीपीएफ आणि ईपीएफला हात लावू नका. आणि कर्जाचं व्याज पहिल्या महिन्यापासून तुम्ही स्वतः भरा. हे शेवटचं जमणार नसेल तर माझं उत्तर बदलतं, त्याचं कारण पुढे येईल.

वहिनींचं म्हणणं आधी धरून बघू. सगळी फी एफडीतून भरली तर काय होतं? एफडीवर साडेसहा टक्के व्याज धरलं आणि दरवर्षी २ लाख ४० हजार काढत गेलात, तर पहिल्या वर्षी ६ लाख ६० हजार उरतील, दुसऱ्या वर्षी ४ लाख ६३ हजार, तिसऱ्या वर्षी अडीच लाखांच्या आसपास आणि चौथ्या वर्षाची फी भरल्यावर जेमतेम ३० हजार. म्हणजे एफडी पुरते, अगदी काठोकाठ पुरते. पण मुलगा शेवटच्या वर्षाला असेल तेव्हा धाकटी बारावीला असेल. तिची फी दारात उभी राहील आणि घरात मोकळा पैसा नसेल. तुम्ही तेव्हा ५५ चे असाल. त्या वयात पुन्हा ९ लाख साठवायला हातात तीनच वर्षं उरतात, तीही धाकटीची फी भरता भरता.

घरात एकच मूल असतं आणि तुम्ही ४३ चे असता तर मी वहिनींच्या बाजूने गेलो असतो. एफडी भरून काढायला वेळ मिळाला असता आणि व्याजाचे पैसे वाचले असते. इथे तो वेळ नाही.

आता मेहुण्यांचं म्हणणं. कर्ज काढा हे त्यांचं बरोबर, पण ते काढायला किती पडतं हे ते सांगत नाहीत, आणि लोक तो हिशेब दोन्ही बाजूंनी चुकीचा करतात. एक म्हणतो, दहा टक्के व्याज म्हणजे लूट आहे. दुसरा म्हणतो, एफडी चालूच आहे, म्हणजे कर्ज फुकट पडलं. खरी किंमत या दोघांच्या मध्ये आहे. कर्जावर १० टक्के जातात, त्याच रकमेवर एफडीत साडेसहा टक्के येतात, तेव्हा फरक साडेतीन टक्क्यांचा. ७ लाख २० हजारांवर तो वर्षाला २५ हजारांच्या घरात येतो, तोही पूर्ण रक्कम उचलल्यानंतर. पहिल्या वर्षी फक्त १ लाख ८० हजार उचललेले असतात, तेव्हा फरक सहा-साडेसहा हजारांचाच. शिकण्याची चार वर्षं, नंतरचं एक वर्ष आणि पुढे पाच वर्षांत फेड धरली, तर बँकेला एकूण व्याज साडेचार लाखांच्या आसपास जाईल. त्यातलं बरंचसं तुमच्या एफडीतून परत आलेलं असेल आणि निव्वळ भुर्दंड दीड-पावणेदोन लाखांचा राहील. एफडीच्या व्याजावर कर लागत असेल तर थोडा जास्त.

म्हणजे प्रश्न असा होतो: सात लाखांहून जास्त रोख रक्कम जवळपास दहा वर्षं हाताशी ठेवण्यासाठी दीड-पावणेदोन लाख मोजायचे का? तुमच्या घरात मी म्हणेन, मोजायचे. कमावणारा एकच आहे, धाकटीचं शिक्षण बाकी आहे, निवृत्ती सात वर्षांवर आहे.

हे म्हणताना एक गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. लालबागचे, छापखान्यात नोकरी. मुलीला डेंटलला प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही कर्ज मंजूर करायला तयार होतो, पण त्यांनी सगळी पुंजी एकदम फीला लावली. पोरीला कर्जात ढकलायचं नाही, असं ठाम म्हणाले. दुसऱ्या वर्षी त्यांची बायपास झाली. पगार काही महिने अर्धा आला. मग आले ते पर्सनल लोन मागायला. त्याचा दर शैक्षणिक कर्जापेक्षा बराच जास्त, आणि हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू. शैक्षणिक कर्जाला शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो. ज्या माणसाने स्वस्त आणि सवलतीचं कर्ज नाकारलं, त्याला दोन वर्षांत महाग आणि बिनसवलतीचं घ्यावं लागलं. शिक्षणासाठी बँक कर्ज देते. आजारपणात, नोकरी गेल्यावर, त्याच दराने आणि त्याच सवलतीने कोणी देत नाही.

ईपीएफबद्दल थोडंच लिहितो. शिक्षणासाठी त्यातून पैसे काढता येतात, म्हणून मोह होतो. सध्याच्या सव्वाआठ टक्क्यांनी आजचे ७ लाख तुमच्या ५८ व्या वर्षी १२ लाखांच्या वर जातात. आज सात काढलेत तर निवृत्तीतून बारा कमी झाले. बचतीतला सगळ्यात चांगला चालणारा पैसा तो, त्याला शेवटपर्यंत हलवू नका. पीपीएफ तुमच्या सोयीचं आहे. जून २०१४ चं खातं म्हणजे २०१४-१५ हे आर्थिक वर्ष धरून ३१ मार्च २०३० ला त्याची मुदत पुरी होते. मुलाच्या कर्जाचा हप्ता सुरू होण्याआधी ती रक्कम तुमच्या हाताशी असेल. मुलाला नोकरी लागायला उशीर झाला तर कर्जाला टेकू म्हणून ती कामाला येईल, लागली तर तुमच्या निवृत्तीत जमा होईल.

आता ७ लाख २० हजार हाच आकडा का, ते सांगतो. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्र सरकारच्या पत हमी निधीचं संरक्षण असतं. कर्ज बुडालं तर बँकेला ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते, म्हणून त्या मर्यादेत तारण किंवा तिऱ्हाईत जामीन लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, तेवढं पुरतं. साडेसातच्या वर गेलात की बँक तारण मागते आणि तुमच्या भांडुपच्या घराचे कागद बाहेर येतात. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, करारनाम्यांची साखळी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन. त्यात आठवडे जातात आणि वर खर्च. पूर्ण ९ लाख ६० हजार मागितलेत तर तुम्ही याच वाटेला लागाल. चार लाखांच्या वरच्या कर्जाला देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के स्वतःचा वाटाही लागतो. तुमचे वर्षाचे ६० हजार त्याच्या कितीतरी पुढे आहेत, तेव्हा तिथे अडचण नाही.

आणि हे ६० हजार आणायचे कुठून? ९ लाखांच्या एफडीचं साडेसहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५८ हजार ५०० येतं. व्याज दरवर्षी खात्यात जमा होईल असा पर्याय घ्या, मुद्दल जागची हलणार नाही.

आता त्या व्याजाच्या गोष्टीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त घरं इथे फसलेली मी बघितली आहेत. शिक्षण चालू असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. "हप्ता नाही" याचा अर्थ लोक "व्याज नाही" असा घेतात. एकदा एक वडील छापील उतारा काउंटरवर पसरून उभे होते. बोट ठेवलेलं शेवटच्या आकड्यावर. म्हणाले, "साहेब, मी नंतर एक रुपया उचलला नाही, मग अडीच लाख वाढले कसे?" त्यांना पाच वर्षांत एकही पत्र मिळालं नव्हतं. कारण अर्जावर मुलाचा कॉलेजचा ईमेल दिलेला, आणि पास झाल्यावर तो बंद झालेला.

तुमच्या बाबतीत १० टक्क्यांनी हे असं होईल. पहिल्या वर्षीचे १ लाख ८० हजार पाच वर्षं व्याज खातील, म्हणजे ९० हजार. दुसऱ्या वर्षीचे चार वर्षं, ७२ हजार. तिसऱ्याचे ५४, चौथ्याचे ३६. एकूण २ लाख ५२ हजार, आणि हे सरळ व्याज धरून. भरलं नाहीत तर हप्ता ठरायच्या दिवशी हे मुद्दलात मिसळतं, ७ लाख २० हजारांचे ९ लाख ७२ हजार होतात आणि तिथून पुढे व्याजावरही व्याज लागतं. पाच वर्षांच्या फेडीला मुलाचा हप्ता २० हजार ६५० रुपये बसेल. तेच व्याज तुम्ही दरमहा भरत गेलात तर हप्ता १५ हजार ३०० च्या आसपास. नोकरीच्या पहिल्या वर्षात मुंबईत राहणाऱ्या पोराला हे पाच हजार जाणवतात.

दरमहा भरायचे म्हणजे किती? पहिल्या वर्षी महिना दीड हजार, दुसऱ्या वर्षी तीन, तिसऱ्या वर्षी साडेचार, चौथ्या आणि त्यापुढच्या एका वर्षी सहा हजार. ७८ हजारांच्या पगारातून हे निघतं. बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवा, म्हणजे तारीख विसरायला नको. शिकत असताना व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्का सवलत देतात, ती मंजुरीच्या वेळी तोंडाने मागून घ्या. आपणहून क्वचितच कोणी सांगतं.

घरखर्चातून हे दीड ते सहा हजार निघणारच नसतील, तर कर्जाची रक्कम कमी करा आणि एफडीतून थोडं जास्त घाला. वर्षाला १ लाख २० हजारांचं कर्ज आणि बाकी स्वतःचं, असं. पाच वर्षं व्याज साचू देणं मात्र टाळा. वहिनींना ज्याची भीती वाटते, ते डोक्यावरचं कर्ज तिथेच वाढतं. कर्ज दिसतं तेवढंच राहिलं तर ते एका पगारदार मुलाला पेलतं.

आयकराचं म्हणाल तर, ८०ई या नावाने सगळ्यांना माहीत असलेली वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. त्यात भरलेल्या पूर्ण व्याजाची वजावट आहे, वरची मर्यादा नाही, पण व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून एकूण आठच वर्षं. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर ही गोष्ट हिशेबातून काढून टाका. एजंट कर वाचतो म्हणून मोठं कर्ज गळ्यात मारतात, त्यांना आधी विचारा की कोणत्या प्रणालीत.

तुमच्या पगारावरून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या वर दिसतं, म्हणून सरकारी सवलतींवर फार लिहीत नाही. ज्यांचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि प्रवेश कॅपमधून आहे, त्यांनी कर्जाआधी महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा, शिक्षण शुल्काचा अर्धा भाग सुटतो. मुलगी असेल आणि आर्थिक दुर्बल, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गात बसत असेल तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. कॉलेज केंद्राच्या यादीत असेल तर pmvidyalaxmi.co.in वरून अर्ज केल्यास तारण आणि जामीन दोन्ही लागत नाहीत. हे मी इथे लिहितोय कारण मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतलेले पालक नंतर या सवलती मागायला येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात.

आता प्रत्यक्ष काम. सीट मिळाल्यावर फी भरायला थोडेच दिवस असतात आणि कर्ज मंजूर व्हायला दोन-तीन आठवडे सहज जातात. या घाईत लोक एफडी मोडतात आणि मुदतीआधी मोडल्याचा दंड भरतात. तसं न करता त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त लागतो, तोही वापरलेल्या दिवसांपुरता. फीची पावती जपून ठेवा. स्वतः भरलेल्या फीची रक्कम बँक मंजुरीनंतर तुमच्या खात्यात देईल का, हे अर्ज देतानाच विचारा आणि होकार लेखी घ्या, कारण पुढची रक्कम बँक थेट कॉलेजला पाठवते.

अर्ज पगार खातं असलेल्या शाखेतच द्या. कॉलेजकडून चारही वर्षांची फी लिहिलेलं पत्र लेटरहेडवर घ्या. बोनाफाईड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, दहावी-बारावीच्या मार्कशीट, तुमच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचा बँक उतारा एकत्र लावा. कर्ज चारही वर्षांसाठी आत्ताच मंजूर करून घ्या, जरी दरवर्षी तुकड्यानेच उचलायचं असलं तरी. न उचललेल्या पैशावर व्याज लागत नाही. पहिलं वर्ष खिशातून भरू, पुढचं पुढे बघू, असं म्हणणारे दुसऱ्या वर्षी येतात तेव्हा बँक पहिल्या वर्षाची मार्कशीट मागते. दोन-तीन केटी असतील तर तिथेच फाईल अडते. केटी लागल्या तर मंजूर कर्जाचा पुढचा तुकडाही बँक थांबवू शकते, म्हणून मुलाला हे आत्ताच माहीत असू द्या.

मुलाला आणखी एक गोष्ट समोर बसवून सांगा. कर्ज त्याच्या नावावर आहे आणि तुम्ही सहकर्जदार आहात, म्हणजे त्याने हप्ता चुकवला तर सिबिलवर दोघांच्या नावापुढे लागतं. पुढे धाकटीसाठी तुम्हाला पुन्हा कर्ज काढायचं झालं तर बँक पहिली गोष्ट हीच बघेल. आणि त्याला कधी ठाणे-कल्याणकडे घर घ्यायचं झालं तर गृहकर्जाची रक्कम ठरवताना हा हप्ता त्याच्या पगारातून आधी वजा होईल. म्हणून कागदावर फेडीची मुदत दहा वर्षांची घ्या. व्याज भरलेलं असेल तर हप्ता साडेनऊ हजारांवर येतो. जमेल तसं जास्त भरत पाच वर्षांत संपवा. बदलत्या दराच्या या कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो.

मंजुरीपत्र हातात आलं की सहीआधी ते घरी आणा. माझ्या पुतणीच्या वेळी एका बँकेने २४ हजारांचा विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळला होता, कोणाला न विचारता, आणि त्यावर पाच वर्षं व्याज चढणार होतं. विमा वाईट नाही, तुमच्यासारख्या घरात वडिलांचा टर्म इन्शुरन्स असायलाच हवा, पण तो वेगळा घ्या आणि खिशातून भरा. तेव्हा पत्रात मंजूर रक्कम नेमकी ७ लाख २० हजारच आहे का, ते बघा. शिक्षणाच्या काळातलं व्याज सरळ आहे का आणि भरण्याची सवलत लिहिली आहे का, ते बघा. आणि पत्रव्यवहाराच्या रकान्यात मुलाच्या कॉलेजचा नाही, तुमचा मोबाईल आणि तुमचा ईमेल आहे का, ते बघा.